एका मिनिटाचं आभार प्रदर्शन, कुणालाही न वगळता

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या वर्धापन दिनाला आभार प्रदर्शन माझ्याकडे आहे. लिहिलेलं वाचायला साडेचार मिनिटं लागतात. समितीने एकच मिनिट दिलंय आणि वर बजावलंय की कुणी राहता कामा नये. अध्यक्ष, प्रमुख पाहुण्या, सत्कारमूर्ती, परीक्षक, देणगीदार, सभागृह देणारी शाळा, नाटिका करणारी मुलं, त्यांच्या शिक्षिका, पालक, ध्वनी-प्रकाशवाले, स्वयंसेवक, सगळे आहेत. यातलं काढू तरी काय?

उत्तर:

यादीतलं काहीच काढू नका. काढायचं आहे ते यादीभोवतीचं. साडेचार मिनिटांच्या मसुद्यातून इथला एक शब्द, तिथलं एक विशेषण असं कमी करत बसलात, तर दोन-अडीच मिनिटांवर येऊन अडकाल आणि मग एखादा गटच वगळावा लागेल. म्हणून जुना मसुदा बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट ठरवा: या मिनिटात गटांचा उल्लेख होईल. माणसांची नावं मात्र कार्यक्रमात दुसरीकडे येतील. ही वाटणी झाली की एक मिनिट पुरतं.

आता वेळेचा हिशोब. मंचावरून सावकाश, शेवटच्या रांगेला कळेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण 100 ते 110 शब्द होतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, त्यामुळे घाई केली की आधी शेवटची अक्षरं गिळली जातात आणि "देणगीदारांचे" कुठे संपलं, "परीक्षकांचे" कुठे सुरू झालं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. तुमचा स्वतःचा वेग काढायचा असेल तर कुठलाही 100 शब्दांचा मजकूर उभं राहून, मोठ्याने, समोर लोक बसलेत असं समजून वाचा आणि फोनवर वेळ लावा. बसून मनात वाचलेला वेळ धरू नका, तो हमखास कमी भरतो. मिनिटातले शेवटचे काही सेकंद टाळ्यांसाठी लागतील. म्हणजे तुमच्या हातात उरतात सुमारे 90 शब्द.

हे 90 शब्द कुठे जातात ते पाहण्यासाठी आभाराचं एक नेहमीचं वाक्य घ्या:

"आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय अमुक सर यांनी आपल्या व्यस्त दिनक्रमातून वेळात वेळ काढून, आमच्या विनंतीला मान देऊन, येथे उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवली, त्याबद्दल वाचनालयाच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानते."

हे 31 शब्द झाले. त्यातले अध्यक्षांचे स्वतःचे शब्द तीन: अध्यक्ष, अमुक, सर. बाकीचे 28 कुठल्याही कार्यक्रमात, कुठल्याही अध्यक्षांना जसेच्या तसे लागू पडतील. तुमच्या यादीत 11 गट आहेत. प्रत्येकाला असं एक वाक्य दिलं तर 340 शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. त्यात अजून देणगीदारांची नावं नाहीत, स्वयंसेवकांची नाहीत, सुरुवात नाही, शेवट नाही. तुमची साडेचार मिनिटं इथूनच आली असणार. आणि गंमत अशी की इतके शब्द खर्चून अध्यक्षांनी त्या दिवशी नेमकं काय केलं, ते कुठेच आलेलं नाही.

म्हणून पहिला मोठा बदल वाक्याच्या बांधणीत करायचा. "यांचे आभार मानते" हे प्रत्येक गटामागे म्हणायचं नाही, अगदी शेवटी एकदाच म्हणायचं. मराठीत हे सहज बसतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ऐकणारा तोपर्यंत थांबायला सरावलेला असतो. मधले गट नुसते एकामागून एक उभे करायचे: "निबंध वाचणारे परीक्षक." थांबा. "सभागृह देणारी शाळा." थांबा. शेवटी "तुम्हा सर्वांचे". "वेळात वेळ काढून", "विनंतीला मान देऊन", "शोभा वाढवली", "ऋणात राहणंच पसंत करू", "आभार मानून परकं करणार नाही" ही वाक्यं सगळीच्या सगळी जातील. त्यांच्यामागची भावना खोटी नसते. पण लोकांनी ती इतक्यांदा ऐकलेली असतात की ती सुरू झाली की कान मिटतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणाचा तरी उल्लेख होऊन जातो.

दुसरं काम यादीचं. आधी भाषण आणि मग यादी असं केलं की सुटतं कुणीतरी. यादी आठवणीतून लिहू नका, कागदांवरून काढा. निमंत्रण पत्रिका घ्या, मंचावर कोण कुठे बसणार तो कागद घ्या, खजिनदाराकडची पावतीपुस्तकं घ्या, सूत्रसंचालकाची क्रमपत्रिका घ्या. मग कार्यक्रमाचा दिवस सकाळपासून मनात चालवा. सभागृहाचं दार कुणी उघडलं, खुर्च्या कुणी मांडल्या, माईक कुणी लावला, मुलांना कपडे कुणी घातले, दारात कोण उभं होतं, शेवटी झाडणार कोण. तुमची यादी याच पद्धतीने तपासली तर तीन गट सुटलेले दिसतील: वाचनालयाचे स्वतःचे कर्मचारी, शाळेचे शिपाई आणि सफाई कर्मचारी, आणि समोर बसलेले श्रोते. आभार प्रदर्शनात बाहेरचे पाहुणे सहसा सुटत नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर असतं. सुटतात ते रोजचे. ग्रंथपाल तर इतके रोजचे की त्यांचे आभार मानायचे असतात हेच लक्षात येत नाही.

म्हणजे 11 चे 14 झाले. घाबरू नका, आता जोडणी करायची.

गट जोडताना मी दोन गोष्टी बघते. एक, दोघांनी एकाच प्रकारचं काम केलं आहे का. दोन, शेजारी उल्लेख झाला तर दोघांपैकी कुणाला खटकेल का. मुलं, शिक्षिका आणि पालक हे तिघं नाटिकेसाठी एकत्र आले, त्यांना एका वाक्यात आनंदाने घेता येतं. शाळा आणि शाळेचे कर्मचारी एकत्र येतात. ध्वनी, प्रकाश आणि छायाचित्रण एकत्र येतं. स्वयंसेवक आणि ग्रंथपाल जोडता येतात, कारण दोघंही तुमच्या घरचे. पण देणगीदार आणि पैसे घेऊन काम करणारे तंत्रज्ञ एका वाक्यात घालू नका. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने पैसे घेऊन चोख काम केलं. दोघांचे आभार खरे आहेत, पण कारण वेगळं आहे. तसंच परीक्षकांना पाहुण्यांमध्ये विरघळवू नका. प्रमुख पाहुण्या तासभर येतात, परीक्षकांनी निबंधांचे गठ्ठे घरी नेलेले असतात. "सर्व मान्यवर" म्हटलं की परीक्षकांना वाटतं आपण त्यात आहोत की नाही कुणास ठाऊक.

इथेच गटाला काय म्हणायचं हा प्रश्न येतो आणि माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. गट छोटा केला की "सर्वांचा उल्लेख झाला" असं होत नाही. उल्लेख झाला हे त्या गटातल्या माणसाला कळलं पाहिजे. त्याची परीक्षा सोपी आहे: तो शब्द ऐकल्यावर त्या गटातला माणूस मान वर करेल का? "हितचिंतक" म्हटलं तर कुणी मान वर करत नाही. "ज्ञात-अज्ञात सर्व हातांनी" म्हटलं तर कुणीच नाही. "प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य करणारे" या शब्दांत सगळे येतात आणि म्हणूनच कुणीच येत नाही. पण "माईक आणि दिवे सांभाळणारे" म्हटलं की मागच्या टेबलाशी बसलेला माणूस वर बघतो. "मुलांना रोज तालमीला आणणारे पालक" म्हटलं की चार आया एकमेकींकडे बघतात. ज्या कामासाठी ती माणसं तिथे आहेत ते काम त्यांच्याच भाषेत सांगा. त्याला दोन-तीन शब्द जास्त लागतात, आणि ते देण्यासारखे असतात, कारण "मनःपूर्वक", "मोलाचे", "बहुमूल्य" ही विशेषणं गेल्यामुळे जागा मोकळी झालेली असते.

मात्र प्रत्येक गटाला असं कामाचं वाक्य देऊ नका. 90 शब्दांत चार-पाच ठिकाणी ते परवडतं. ज्यांचं काम मंचावर दिसलेलं नाही त्यांना ते द्या, कारण सभागृहाला ते माहीत नसतं. परीक्षकांचं काम दिसत नाही, पालकांचं दिसत नाही, स्वयंसेवकांचं अर्धवट दिसतं. देणगीदारांनी काय केलं ते त्यांच्या गटाच्या नावातच आहे, आणखी काही जोडायची गरज नाही.

आता नावांचा प्रश्न. नियम कडक ठेवा: गटातलं एक नाव घेतलं तर सगळी घ्यावी लागतात. पाच परीक्षकांपैकी ज्येष्ठ म्हणून एकाचं नाव घेतलं की उरलेल्या चौघांना ते ऐकू येतं, आणि ते त्यांना आभारापेक्षा जास्त लक्षात राहतं. म्हणून या मिनिटात नाव फक्त तिथे घ्यायचं जिथे गट एका माणसाचा आहे. तुमच्या कार्यक्रमात तो मान अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्या या दोघांचा. सत्कारमूर्ती एकच असतील तर त्यांचंही नाव घ्या. तिघं-चौघं असतील तर "सत्कार स्वीकारलेले ज्येष्ठ वाचक" पुरे, कारण सत्काराच्या वेळी प्रत्येकाचं नाव, परिचय, सगळं झालेलं असतं. मोठ्या देणगीदाराचं नाव घ्या असा आग्रह समितीत हमखास होतो. तेव्हा त्यांना विचारा की बाकीच्या देणगीदारांची यादी वाचायला किती वेळ द्याल. एका नावाला पदासकट तीन ते पाच सेकंद लागतात, त्यामुळे 12 देणगीदार म्हणजे जवळजवळ तुमचं सगळं मिनिट.

मग ही नावं जातील कुठे? ती जातच नाहीत असं झालं तर "कुणी राहता कामा नये" ही समितीची अट तुम्ही मोडली, म्हणून ही सोय भाषण लिहिण्याआधी पक्की करा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ज्या क्षणी ते काम घडतं तो क्षण. निकाल जाहीर होण्याआधी सूत्रसंचालकाने परीक्षकांची नावं घ्यावीत. नाटिका संपल्यावर मुलं मंचावर असतानाच शिक्षिकांना पुढे बोलावून नाव घ्यावं. तिथे 20 सेकंद लागले तरी कुणाला जड जात नाही, कारण लोकांना नुकतंच जे पाहिलं त्यामागची माणसं बघायची असतात. हेच नाव दीड तासाने, लोक चपला शोधत असताना, 13व्या क्रमांकावर आलं तर त्याला अर्थ उरत नाही. देणगीदारांची पूर्ण यादी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर किंवा दाराजवळच्या फलकावर लावा, आडनावानुसार, रकमेनुसार नाही. पडदा असेल तर कार्यक्रम सुरू होण्याआधी लोक बसत असताना ती यादी तिथे फिरू द्या. तुम्ही बोलत असताना मात्र पडद्यावर नावं नकोत. लोक वाचायला लागतात, ऐकायचं राहून जातं आणि आपलं नाव दिसलं की शेजाऱ्याला दाखवतात.

ही सोय सूत्रसंचालकाशी आधीच्या दिवशी बोलून ठरवा. त्याच्या क्रमपत्रिकेवर तुमच्यासमोर पेनने लिहून घ्या की निकालाआधी परीक्षकांची पाच नावं, नाटिकेनंतर शिक्षिकांची दोन. नुसतं "तू घेशील ना नावं" असं ठरलं तर गडबडीत ते राहतं, आणि मग ती दोन नावं न घेतल्याचा भार शेवटी तुमच्यावर येतो.

क्रम कसा लावायचा यावर फार वाद घालू नका. पाहुण्यांपासून सुरुवात, समोरच्या श्रोत्यांवर शेवट, मध्ये बाहेरून आलेले आधी आणि घरचे नंतर. हा क्रम कुणाला खटकत नाही. श्रोते शेवटी ठेवण्याचं कारण व्यवहाराचं आहे: टाळ्या त्यांना वाजवायच्या आहेत आणि ते आपला उल्लेख ऐकूनच वाजवायला सुरुवात करतात.

टाळ्यांचं एक आधीच मिटवा. प्रत्येक गटाला टाळ्या पडल्या तर दहा ठिकाणी तीन-चार सेकंद, म्हणजे अर्धं मिनिट आणखी. शिवाय पहिल्या तीन गटांना जोरात आणि नंतरच्यांना थकलेल्या टाळ्या पडतात, ते ऐकायला वाईट वाटतं. सुरुवातीलाच विनंती करा की टाळ्या शेवटी एकदम. त्याला पाच सेकंद लागतात, पण ते वसूल होतात. तरीही मुलांच्या उल्लेखाला कुणीतरी वाजवेलच. तेव्हा थांबा, हसा, टाळ्या ओसरू द्या आणि पुढे चला. त्यांच्यावर आवाज चढवू नका, कारण मुलांनंतरचा गट तुमच्या आवाजासकट टाळ्यांत बुडतो.

आता हे सगळं तुमच्या कार्यक्रमावर बसवून पाहू. अध्यक्ष आणि पाहुण्यांच्या नावाच्या जागी "अमुक" ठेवलंय:

"नमस्कार. आता आभार. टाळ्या शेवटी सर्वांसाठी एकदम वाजवूया, ही विनंती.

अध्यक्ष अमुक सर आणि प्रमुख पाहुण्या अमुक मॅडम, मुलांचे प्रश्न संपेपर्यंत तुम्ही थांबलात.

सत्कार स्वीकारलेले आमचे ज्येष्ठ वाचक.

सगळे निबंध दोनदा वाचणारे परीक्षक.

पुस्तकांसाठी आणि आजच्या कार्यक्रमासाठी मदत करणारे सर्व देणगीदार.

हे सभागृह आम्हाला देणारी शाळा आणि तिथले कर्मचारी.

नाटिका करणारी मुलं, ती बसवणाऱ्या शिक्षिका आणि मुलांना रोज तालमीला आणणारे पालक.

ध्वनी, प्रकाश आणि छायाचित्रण सांभाळणारे तंत्रज्ञ.

सकाळपासून उभे असलेले स्वयंसेवक आणि आमचे ग्रंथपाल.

आणि शेवटपर्यंत थांबलेले तुम्ही सर्व श्रोते.

तुम्हा सर्वांचे वाचनालय मनापासून आभार मानतं. आता जोरदार टाळ्या!"

हे 90 शब्दांच्या आसपास आहे. सावकाश, गटांमध्ये श्वास घेत वाचलं तरी 50 ते 55 सेकंदांत होतं आणि 14 गट यात आलेले आहेत. मोजून पाहा.

यात काही जागा तुम्हाला भरायच्या आहेत. अध्यक्ष आणि पाहुण्यांसाठीचं वाक्य मी अंदाजाने लिहिलं आहे. ते वाक्य कार्यक्रम चालू असतानाच ठरवायचं असतं. मंचावर पाहुण्यांनी खरोखर जे केलं ते एक वाक्यात पकडा: मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, वाचनालयाचं जुनं नोंदपुस्तक चाळून पाहिलं, एखादं पुस्तक भेट दिलं. कागदावर तेवढी ओळ रिकामी ठेवा आणि पाहुण्या बोलत असताना पेन्सिलीने भरा. सहा शब्दांपेक्षा मोठी होऊ देऊ नका. पाहुण्यांच्या भाषणाचा सारांश सांगायचा मोह होतो, तो आवरा. भाषण सगळ्यांनी आत्ताच ऐकलंय. तसंच "दोनदा वाचणारे" हे परीक्षकांना विचारल्याशिवाय म्हणू नका. त्यांनी एकदाच वाचले असतील तर "सगळे निबंध वाचणारे" म्हणा. आभारातली एक चुकीची गोष्ट त्या माणसाला लगेच कळते, आणि मग बाकीचंही उगाच वाटायला लागतं.

"तंत्रज्ञ" हा शब्द तुमच्याकडे जड वाटत असेल तर "माईक, दिवे आणि फोटो सांभाळणारे मित्र" म्हणा. बोलताना तुमच्या तोंडून जे सहज येईल तेच लिहा. लिहिताना चांगला वाटलेला शब्द माईकसमोर अडखळवत असेल तर तो बदलायलाच हवा. दोन जोडाक्षरं शेजारी आली की अशी अडखळ होते, म्हणून मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडते तिथे खूण करा आणि साधा शब्द टाका.

कागदही तसाच करा. सलग परिच्छेद लिहून नेला तर मध्येच डोळा चुकतो आणि एक गट सुटतो, आणि सुटलेला गट नेमका तोच असतो ज्यांचा माणूस पहिल्या रांगेत आहे. एका गटाला एक ओळ, ठळक मोठी अक्षरं, ओळींमध्ये बोटभर जागा. वाचताना डाव्या हाताचा अंगठा त्या ओळीवर ठेवा आणि गट झाला की खाली सरकवा. पाठ करू नका. इतकी छोटी यादी पाठ होते, पण ताणात क्रम उलटसुलट झाला की आपण कुठे आहोत ते कळत नाही. फोनवरून वाचू नका, पडदा बंद होतो. नावांचे उच्चार आधी विचारून घ्या आणि जसे ऐकले तसे कागदावर लिहा. दोनच नावं आहेत, त्यात चूक व्हायला नको.

सराव तीन वेळा पुरे, पण तिसरा सराव सभागृहात, त्या माईकसमोर करा. मोठ्या सभागृहात आवाज थोडा रेंगाळतो, म्हणून तिथे थांबे जरा मोठे घ्यावे लागतात आणि घरचे 50 सेकंद तिथे 56 होतात. 60 च्या वर जात असाल तर शब्द वेगाने म्हणू नका, कामाचं एखादं वर्णन कमी करा. "पुस्तकांसाठी आणि आजच्या कार्यक्रमासाठी मदत करणारे सर्व देणगीदार" याचं "आमचे सर्व देणगीदार" केलं की पाच शब्द वाचले आणि गट जागेवर राहिला. अशा दोन-तीन ओळी आधीच कंसात घालून ठेवा. कार्यक्रम लांबला आणि सूत्रसंचालकाने घड्याळ दाखवलं तर कंसातलं सोडून वाचायचं. गट मात्र एकही सोडायचा नाही.

आता प्रत्यक्ष काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते चिठ्ठीमुळे. तुम्ही माईककडे निघालात की समितीतलं कुणीतरी हातात कागद देतं, त्यावर सात नावं, "यांचंही घ्या". तिथे उभं राहून ती वाचायला लागलात तर सगळी घडी मोडते, आणि त्या सातांच्या गटातले उरलेले लोक कोण ते तुम्हाला माहीत नसतं. चिठ्ठी घ्या, नकार देऊ नका, एका नजरेत गट ओळखा. बहुतेक वेळा तो गट तुमच्या यादीत असतोच, त्यामुळे काही करायची गरज नसते. नवीन गट असेल, समजा शेजारच्या मंडळाने ऐनवेळी खुर्च्या दिल्या, तर योग्य ओळीशेजारी पाच शब्द जोडा: "आणि खुर्च्या देणारं शेजारचं मंडळ". नावं सूत्रसंचालकाच्या हातात द्या, तो समारोपाच्या घोषणेत घेईल. हेही आधीच्या दिवशी त्याच्याशी बोलून ठेवलं असेल तर त्या क्षणी नुसती नजर पुरते.

दुसरं, पाहुणे लवकर जातात. आभार शेवटी असतात आणि प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो. त्या गेल्या असतील तर "तुम्ही थांबलात" हे वाक्य रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्याविषयीची ओळ तिसऱ्या पुरुषात करा: "मुलांशी इतकं मोकळेपणाने बोललेल्या प्रमुख पाहुण्या अमुक मॅडम." त्यासाठी दोन्ही रूपं कागदावर लिहून ठेवा. पाहुण्या लवकर जाणार हे आधी कळलं असेल तर त्या उठण्याआधी सूत्रसंचालकाने त्यांचे आभार वेगळे मानावेत आणि तुमच्या मिनिटात फक्त उल्लेख राहू द्या.

तिसरं, बोलून झाल्यावर लक्षात येतं की कुणीतरी राहिलं. खाली उतरून पुन्हा माईककडे जाऊ नका. "अजून एक राहिलं" म्हणून सांगितलेला आभार सगळ्यांना ते विसरल्याची आठवण करून देतो. थेट त्या माणसाकडे जा, तोंडाने सांगा, आणि कार्यक्रमाचा वृत्तान्त जिथे छापला किंवा फलकावर लावला जाईल तिथे त्याचा उल्लेख पक्का करा. "कुणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व" हे वाक्य आधीच भाषणात घालून ठेवण्याची पद्धत आहे. मी ते घालत नाही. त्याने राहिलेल्या माणसाचं समाधान होत नाही आणि ज्यांना काही वाटलं नव्हतं तेही विचार करायला लागतात की आपण आलो का.

एका मिनिटाची मर्यादाही सांगते. जोडणी करूनही दहाच्या वर ओळी होत असतील तर एक मिनिट पुरत नाही, मग ओळी वाचून होतात पण कुणाला ऐकू येत नाहीत. अशा वेळी समितीकडे दीड मिनिट मागा, आणि मागताना मोजलेला कागद दाखवा. शब्द इतके, गट इतके. मोजणी समोर असली की अर्धं मिनिट सहसा मिळतं. आणि एखाद्या प्रायोजकाशी लेखी ठरलं असेल की मंचावरून त्यांचं नाव अमुक शब्दांत घेतलं जाईल, तर ते नाव आभारात "देणगीदार" म्हणून विरघळवता येत नाही. खजिनदाराला ते पत्र आधीच विचारा. ते नाव सुरुवातीच्या स्वागतात, ठरलेल्या शब्दांत घेतलं गेलं तर चालेल का हे त्यांच्याकडून आठवडाभर आधी लेखी कळवून घ्या. हो म्हणाले तर तुमच्या मिनिटात ते इतर देणगीदारांबरोबर येतील. नाही म्हणाले तर दहा शब्दांची एक ओळ त्यांना द्या, आणि त्या बदल्यात परीक्षकांच्या किंवा पालकांच्या ओळीतले शब्द कापू नका, ते पाच-सहा सेकंद समितीकडून मागून घ्या.